दुरुस्त करून आणा

ग्रंथालयातून मॅडमचा फोन येतो, नाहीतर विभागाच्या सूचनाफलकावर चार नावं लागतात. एम.ए.ची प्रबंधिका तपासणीत अडकलेली असते. पुढे कुठल्या तरी पत्रात एक ओळ असते: साम्य 27 टक्के, सुधारित प्रत सादर करावी. या ओळीतल्या आकड्याने विद्यार्थी हादरतो आणि नंतरचे सगळे दिवस तो आकडा खाली आणण्याच्या मागे लागतो. खरी सवलत मात्र पुढच्या चार शब्दांत आहे. आकडा हा फक्त निरोप्या. परीक्षकांना हवं असतं ते दुरुस्त केलेलं लिखाण, आणि लिखाण नीट झालं की आकडा आपोआप उतरतो. उलट दिशेने काम केलं तर आकडा उतरतो, लिखाण बिघडतं आणि कधी कधी प्रकरण आणखी चिघळतं.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू, कारण कॅन्टीनमध्ये त्याविषयी बऱ्याच दंतकथा फिरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2018 मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली काढली. त्यात प्रबंध आणि प्रबंधिकांसाठी चार पायऱ्या आहेत. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर आणि चाळीसपर्यंत असेल तर विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीत सुधारित प्रत द्यायला सांगतात आणि ही मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. चाळीस ते साठच्या दरम्यान असेल तर वर्षभर सुधारित प्रत देताच येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. म्हणजे 27 टक्केवाल्याला मिळालेली संधी ही कुणी सरांनी केलेली मेहेरबानी नव्हे, ती नियमातच आहे. सहा महिने ही कमाल मर्यादा आहे हेही लक्षात ठेवावं. महाविद्यालय पंधरा दिवसही देऊ शकतं, म्हणून पत्रावरची तारीख हीच खरी तारीख.

इथे एक फरक बहुतेकांना माहीत नसतो. ही नियमावली पदव्युत्तर आणि संशोधन पातळीच्या प्रबंधिका, प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांना लागू आहे. वर्गातल्या असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका तिने स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आहेत. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची असाइनमेंट सरांनी ‘हे तुझं नाही, पुन्हा लिहून आण’ म्हणून परत केली, तर तिथे वरच्या पायऱ्या चालत नाहीत. तिथे महाविद्यालयाचा किंवा त्या विषयशिक्षकाचा नियम चालतो. अशा वेळी पुन्हा लिहायला बसण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: नव्या प्रतीला पूर्ण गुण मिळू शकतात की त्यावर मर्यादा आहे, आणि तपासणी पुन्हा सॉफ्टवेअरने होणार की सर स्वतः वाचणार. दुरुस्तीची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे. पुढचं उदाहरण मी प्रबंधिकेचं घेतो, कारण तिथे सगळ्या अडचणी एकत्र भेटतात.

समजा, मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयातली विद्यार्थिनी आहे. अर्थशास्त्राची प्रबंधिका, विषय रोजगार हमी योजना, माध्यम मराठी, साधारण वीस हजार शब्द. अहवालात साम्य 27 टक्के, म्हणजे सुमारे 5,400 शब्द कुठे ना कुठे आधी छापलेल्या मजकुराशी जुळले. तिच्या हातात विभागाने दिलेला एका पानाचा दाखला आहे, त्यावर फक्त टक्केवारी आणि शिक्का.

तिने पहिलं काम करायचं ते ग्रंथालयात जाऊन पूर्ण अहवाल मागण्याचं. महाराष्ट्रात ही तपासणी बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातच होते आणि अहवालाची पूर्ण फाइल तिथल्याच संगणकावर असते. त्या फाइलमध्ये तिची सगळी पानं असतात, जुळलेली वाक्यं रंगवलेली असतात, प्रत्येक रंगाला क्रमांक असतो आणि शेवटी त्या क्रमांकांपुढे स्रोतांची यादी असते. एका पानाच्या दाखल्यावरून दुरुस्ती करायला बसणं म्हणजे एक्स-रे न बघता प्लॅस्टर घालण्यासारखं आहे.

फाइल मिळाली की ती रंगीत छापून घ्यावी आणि एक संपूर्ण दिवस काहीही न बदलता फक्त वाचावी. प्रत्येक रंगीत तुकड्याला समासात एकच प्रश्न विचारायचा: हा तुकडा इथे कसा आला? आमच्या विद्यार्थिनीच्या 27 टक्क्यांचा हिशेब समजा असा निघाला. पाच टक्के संदर्भसूचीत. तीन टक्के रोजगार हमी कायद्याच्या कलमांत. दोन टक्के किरकोळ शब्दगटांत, जसं ‘महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा’ किंवा ‘प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत’. तीन टक्के प्रश्नावलीत, जी तिने आधीच्या एका संशोधकाच्या प्रबंधातून घेतली होती. चार टक्के तिच्याच गेल्या वर्षीच्या चर्चासत्रातल्या निबंधाशी जुळले. उरलेले दहा टक्के बहुतांशी ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणात, आणि त्यातली तीन वाक्यं चक्क निष्कर्षांच्या प्रकरणात.

आता यातलं काय चौर्य आहे आणि काय नाही? नियमावलीच सांगते की संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, स्रोत सांगून दिलेली अवतरणं, कायदे, सर्वसामान्य संज्ञा, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं साम्यात धरायची नाहीत. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडायचे आहेत. म्हणजे पहिले दहा टक्के, सूचीचे पाच, कायद्याचे तीन आणि किरकोळ दोन, हे मुळात मोजायलाच नको होते. ते मोजले गेले, कारण सॉफ्टवेअरमध्ये संदर्भसूची वगळण्याची खूण केलेली नव्हती, किंवा केलेली असूनही सूची कुठून सुरू होते हे यंत्राला कळलं नाही. इंग्रजी शीर्षकं ओळखायला शिकलेल्या यंत्राला ‘संदर्भग्रंथ सूची’ हे मराठी शीर्षक प्रत्येक वेळी ओळखता येईलच असं नाही. अशा ठिकाणी वाद घालायचा नसतो. गाइडच्या सहीने ग्रंथालयाला अर्ज द्यायचा: अमुक पानापासून पुढे संदर्भसूची आहे आणि अमुक पानांवर कायद्याची कलमं आहेत, ती वगळून तपासणी व्हावी. हा अर्ज देणं म्हणजे पळवाट शोधणं नव्हे.

मात्र हे वगळूनही सतरा टक्के उरतात, म्हणजे प्रत सुधारावीच लागते. इथे बरेच विद्यार्थी मोठी चूक करतात. सतराचे नऊ केले की सुटलो, असं त्यांना वाटतं. पण त्याच नियमावलीत एक टीप आहे आणि ती फार थोडे वाचतात. सारांश, गृहीतकं, निरीक्षणं, निकाल, निष्कर्ष आणि शिफारशी हा संशोधनाचा गाभा आहे आणि त्यात कुठलंच साम्य नसावं, असं ती टीप सांगते. आमच्या विद्यार्थिनीची निष्कर्षातली ती तीन वाक्यं एखाद्या सरकारी अहवालातून उचललेली असतील तर टक्केवारीत ती अर्धा टक्काही भरणार नाहीत, पण चौकशी समितीच्या नजरेत आढाव्यातल्या तीन पानांपेक्षा ती जड ठरतील. म्हणून दुरुस्तीची सुरुवात तिथूनच व्हावी. आणि तिथली दुरुस्ती शब्द बदलण्याची नाही. ते वाक्य तिच्या आकडेवारीतून निघतं का, हे तपासायचं. निघत असेल तर तिच्या तक्त्याचा क्रमांक देऊन तिच्या शब्दांत लिहायचं. निघत नसेल तर ते वाक्य निष्कर्षांतून काढून चर्चेच्या प्रकरणात हलवायचं आणि तिथे अहवालाचं नाव देऊन सांगायचं की शासनाचं म्हणणं असं आहे.

आता आढाव्याचं प्रकरण, म्हणजे खरी रणभूमी. इथे काय घडतं ते एका नमुन्यावर दाखवतो. नमुन्याचा मजकूर मीच रचला आहे. समजा मूळ पुस्तकात असं आहे:

“1972 च्या भीषण दुष्काळात ग्रामीण भागातील मजुरांना जगवण्यासाठी राज्य शासनाने रोजगार हमी योजना हाती घेतली. पुढे या योजनेला कायद्याचे बळ मिळाले आणि काम मिळणे ही शासनाची कृपा न राहता तो मजुराचा हक्क बनला.”

विद्यार्थिनीने प्रबंधिकेत लिहिलं होतं:

“1972 सालच्या भयंकर दुष्काळात खेड्यातील कामगारांना तगवण्यासाठी महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजना सुरू केली. पुढे योजनेला कायद्याचे पाठबळ मिळाले आणि काम मिळणे ही सरकारची मेहेरबानी न राहता तो कामगाराचा अधिकार बनला.”

एकेक शब्द बदलला, पण वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा. अमेरिकेतल्या लेखन-अध्यापक रेबेका मूर हॉवर्ड यांनी 1990 च्या दशकात अशा लिखाणाला ‘पॅचरायटिंग’ असं नाव दिलं, म्हणजे ठिगळं लावलेलं लिखाण. त्यांचं म्हणणं असं होतं की यामागे दर वेळी लबाडी नसते. विषय नवा असतो, भाषा जड असते आणि विद्यार्थी मूळ वाक्याचं बोट सोडायला घाबरतो. हे मला पटतं. पण कारण समजून घेतलं म्हणून प्रत दुरुस्त होत नाही. शिवाय शब्दबदलाने अर्थही घसरतो. मजूर म्हटलं की शेतावरचा, रस्त्याच्या कामावरचा माणूस डोळ्यांसमोर येतो. कामगार म्हटलं की गिरणी आणि कारखाना. रोजगार हमीच्या प्रबंधिकेत दोन पानं कामगार वाचून परीक्षकाच्या भुवया सॉफ्टवेअरच्या आधीच वर जातात.

प्रत परत आल्यावर विद्यार्थी सहसा हेच ठिगळ आणखी एकदा फिरवतो. भीषणचं भयंकर झालं होतं, आता भयंकरचं महाभयंकर होतं. तो रंगीत अहवाल एका बाजूला आणि स्वतःची फाइल दुसऱ्या बाजूला ठेवून रंग जाईपर्यंत शब्द हलवत राहतो. यातून जो मजकूर तयार होतो तो यंत्राला कदाचित जुळणार नाही, पण तो वाचला की कुणालाही कळतं.

दुसरा मार्ग हळू आहे, पण टिकतो. मूळ पुस्तक पुन्हा मिळवायचं. तो परिच्छेद वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. मग स्वतःला विचारायचं: या लेखकाचं म्हणणं काय, आणि ते माझ्या अभ्यासात मला कशासाठी हवं आहे? दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण ठिगळं बहुतेक वेळा तिथेच पडतात जिथे हा परिच्छेद कशाला घेतला हेच विद्यार्थ्याला माहीत नसतं. उत्तर एखाद्या चिठ्ठीवर मोजक्या शब्दांत लिहायचं. आमच्या विद्यार्थिनीच्या चिठ्ठीवर समजा आलं: ‘कायदा झाला, हक्क आला. पण गावात?’ आता पुस्तक मिटलेलंच ठेवून, या चिठ्ठीवरून परिच्छेद लिहायचा:

“रोजगार हमीची कामे 1972 पासून सुरू असली, तरी कायदा 1977 मध्ये झाला आणि तो 1979 पासून अमलात आला. या टप्प्याला सातव्या संदर्भाचे लेखक निर्णायक मानतात, कारण तेव्हापासून काम न देणाऱ्या यंत्रणेला जाब विचारता येऊ लागला (संदर्भ 7, पृ. 43). प्रस्तुत अभ्यासातील मुलाखतींत मात्र कामाची मागणी लेखी करता येते हेच अनेक मजुरांना माहीत नव्हते (तक्ता 4.2). कायद्याने दिलेला हक्क आणि गावातील माहिती यांमधील हे अंतर पुढील प्रकरणात तपासले आहे.”

लिहून झाल्यावर मगच पुस्तक उघडायचं, तथ्यं आणि पान क्रमांक पडताळायचा आणि एखादा शब्दगट नकळत तसाच उतरला असेल तर तो बदलायचा किंवा अवतरणचिन्हांत घालायचा. या परिच्छेदात काय झालं ते बघा. तारखा कुणाच्या मालकीच्या नाहीत. 1972, 1977, 1979 ही या विषयातली सर्वज्ञात माहिती आहे. निर्णायक टप्पा हे मत मात्र पुस्तकाच्या लेखकाचं आहे, म्हणून तिथे संदर्भ आला. आणि शेवटची दोन वाक्यं विद्यार्थिनीची स्वतःची आहेत. ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत, कारण त्या मुलाखती तिने घेतल्या. परिच्छेद मूळपेक्षा मोठा झाला, पण आता तो आढाव्यात बसायला लायक झाला.

दहा टक्के म्हणजे दोन हजार शब्द, साधारण पंधरा-वीस असे परिच्छेद. दिवसाला दोन किंवा तीन एवढ्याच वेगाने हे काम नीट होतं. म्हणून पत्र हातात पडल्यावर पहिला आठवडा रडण्यात किंवा गाइडला दोष देण्यात गेला तर पंधरा दिवसांच्या मुदतीत हे बसत नाही.

याच प्रकरणात एक सापळा आहे. अहवालाच्या यादीत जो स्रोत दिसतो तो तिचा खरा स्रोत असेलच असं नाही. तिने उतारा घेतला जुन्या मराठी पुस्तकातून, जे इंटरनेटवर नाहीच. यंत्राला मात्र तो दुसऱ्या विद्यापीठातल्या कुणाच्या तरी प्रबंधात सापडला, कारण त्यानेही त्याच पुस्तकातून घेतला होता आणि तो प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात आहे. घाईत असलेला विद्यार्थी यादीतलं नाव उचलतो आणि संदर्भ म्हणून चिकटवतो. मग तोंडी परीक्षेत त्या प्रबंधाविषयी एखादा प्रश्न आला की पंचाईत होते. संदर्भ द्यायचा तो आपण प्रत्यक्ष वाचलेल्याचा. पुस्तक हाताशी नसेल आणि उतारा त्या प्रबंधातूनच घेतला असेल, तर तसं लिहायचं: अमुक लेखक, अमुक यांच्या प्रबंधात उद्धृत.

अवतरणांचंही तारतम्य हवं. ‘सगळं अवतरणचिन्हांत घाल, मग मोजत नाहीत’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि नियमाच्या अक्षराला धरून तो चूकही नाही. पण वीस परिच्छेदांची वीस अवतरणं केली तर प्रकरण म्हणजे कात्रणवही होते आणि परीक्षक साम्यासाठी नाही, तर दर्जासाठी गुण कापतो. शब्दच महत्त्वाचे असतील तेवढंच उद्धृत करावं: कायद्याची व्याख्या, एखाद्या मजुराचं मुलाखतीतलं बोलणं, ज्या मताचं खंडन करायचं आहे ते मत.

प्रश्नावली आणि स्वतःचा निबंध हे दोन भाग उरले, ते सोपे आहेत. दुसऱ्याची प्रश्नावली वापरण्यात गैर काही नाही. जुन्या निकालांशी तुलना करायची असेल तर ती तशीच वापरावी लागते. गैर आहे ते न सांगणं. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात मूळ संशोधकाचं नाव, परवानगी घेतली असेल तर तिचा उल्लेख, कोणते प्रश्न बदलले ते, आणि पूर्ण प्रश्नावली परिशिष्टात. साम्य तसंच दिसेल, पण त्याला आता उत्तर आहे. स्वतःच्या निबंधाबाबत ‘माझंच तर आहे’ हे उत्तर चालत नाही, कारण एकाच मजकुरावर दोनदा श्रेय मागितल्यासारखं होतं. निबंधाचा उल्लेख करावा, तिथलं जे हवं ते दोन वाक्यांत सांगावं आणि उरलेलं नव्या आकडेवारीने लिहावं.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना आणखी एका गोष्टीने फसवलं आहे, ती म्हणजे फॉन्ट. आपल्याकडे डीटीपीवाले अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. पडद्यावर देवनागरी दिसतं, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. तपासणारं यंत्र आतलं वाचतं. त्यामुळे पहिल्या प्रतीत मोठी प्रकरणं यंत्राला वाचताच आली नाहीत, असं होऊ शकतं. दुसऱ्या वेळी महाविद्यालयाने युनिकोडची सक्ती केली, फाइल बदलून घेतली, आणि इतकं काम करूनही टक्के उलट वाढले! मुलगी हवालदिल होते, गाइड संशयाने बघतात. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधीच पाहून घ्यावं: फाइलमधला एक परिच्छेद उचलून मोबाइलवर स्वतःलाच पाठवावा. तिथे मराठी दिसलं तर युनिकोड आहे, गिचमिड दिसली तर नाही. गिचमिड असेल तर आधी सगळी फाइल युनिकोडमध्ये न्यावी, रूपांतरात तुटलेले रफार आणि जोडाक्षरं सुधारावीत आणि ग्रंथालयाला सांगून त्या प्रतीचा नवा अहवाल घ्यावा. पहिल्या अहवालाला दिसलं नव्हतं ते सगळं तिथे दिसेल. नको असलेली बातमी आहे, पण मुदत हातात असताना कळलेली बरी.

याच्या नेमकं उलट काही जण करतात. मुद्दाम अक्षरांच्या जागी तशीच दिसणारी दुसरी अक्षरं घालणं, शब्दांच्या मधे पांढऱ्या रंगाची अक्षरं पेरणं, परिच्छेदाचा फोटो चिकटवणं. फोटोकॉपीच्या दुकानात ‘टक्के कमी करून देतो’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा हेच करून देतात. आजची सॉफ्टवेअर लपवलेला मजकूर आणि बदललेली अक्षरं वेगळी दाखवतात. आणि एकदा ते दिसलं की आधीची प्रत अजाणतेपणी तशी झाली होती असं म्हणायची सोय राहत नाही.

प्रत तयार झाली की ती एकटी देऊ नये. सोबत दोन-तीन पानांचं दुरुस्तीपत्र जोडावं. त्यात अहवालातला क्रमांक, पान, काय जुळलं होतं, आता काय केलं, एवढंच. ‘क्रमांक 3, पृ. 18–19: मूळ पुस्तकाच्या वाक्यरचनेशी साम्य. परिच्छेद नव्याने लिहिला, संदर्भ 7 जोडला.’ ‘क्रमांक 6, पृ. 71: निष्कर्षातील वाक्य काढले, मुद्दा पृ. 64 वर स्रोतासह.’ जे बदललं नाही तेही लिहावं: ‘क्रमांक 1: संदर्भसूची, वगळण्यासाठी अर्ज केला आहे.’ वीस हजार शब्द पुन्हा वाचायला कुणाला वेळ नसतो. हे पत्र असलं की वाचणारा नेमका त्या पानांवर जातो. गाइडने ते आधी बघितलेलं असावं, कारण काम चौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र शेवटी त्यांना द्यायचं असतं.

प्रत जमा करताना ग्रंथालयाला एक गोष्ट आवर्जून विचारावी: पहिली प्रत सॉफ्टवेअरच्या साठ्यात ठेवली गेली आहे का? ठेवली असेल आणि नवी प्रत वेगळ्या नोंदीखाली तपासली, तर ती पहिल्या प्रतीशी जुळून आकडा ऐंशी-नव्वदवर जाऊ शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. जुनी प्रत स्रोतांतून वगळून अहवाल पुन्हा काढता येतो. याच कारणासाठी मधल्या काळात ‘एकदा बघून घेतो’ म्हणून मित्राच्या महाविद्यालयातून किंवा कुठल्या दुकानातून प्रत तपासून घेऊ नये. ती तिथल्या साठ्यात राहिली तर तुमचंच लिखाण तुमच्याविरुद्ध उभं राहतं.

आणि अहवालच चुकीचा वाटत असेल तर? नियमावलीत विभागाची एक समिती आहे आणि तिच्या वर संस्थेची दुसरी. विभागाच्या समितीत विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ अध्यापक आणि तपासणीची साधनं जाणणारी एक व्यक्ती असते. समितीने नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळायची आहेत, म्हणजे विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही. प्रत्येक समितीला पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. म्हणणं लेखी द्यावं, अहवालातल्या क्रमांकांनिशी द्यावं. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्यापेक्षा ‘क्रमांक 1 ही संदर्भसूची आहे’ हे वाक्य समितीपुढे जास्त चालतं.

आमच्या विद्यार्थिनीची दुसरी प्रत, सूची आणि कलमं वगळून, सात-आठ टक्क्यांवर यावी. त्यात तीन टक्के प्रश्नावलीचे, बाकी विखुरलेले शब्दगट. ते शून्य करायच्या नादी लागू नये. शून्य टक्के साम्य असलेली अर्थशास्त्राची प्रबंधिका पाहून जाणकार परीक्षकाला शंकाच येईल.

पहिल्यांदा मिळाली तशी संधी दुसऱ्यांदा मिळेल असं धरू नये. चौर्य पुन्हा सिद्ध झालं तर आधीच्या पायरीच्या वरच्या पायरीची शिक्षा होते, म्हणजे सहा महिन्यांच्या मुदतीऐवजी वर्षभराची बंदी. आणि पदवी हातात पडल्यावर चौर्य सिद्ध झालं, तर संस्थेची समिती सांगेल तेवढा काळ ती पदवी स्थगित ठेवता येते. म्हणून दोन्ही प्रती, दोन्ही अहवाल आणि ते दुरुस्तीपत्र पदवी प्रमाणपत्राच्याच फाइलमध्ये ठेवून द्या.